ट्रॅक्टर नेमका कधी विकायचा?

उसाच्या पट्ट्यात गळीत हंगाम संपला की गॅरेजांना दिवस चांगले येतात. सहा महिने ट्रॉल्या ओढून दमलेले ट्रॅक्टर एकेक करून आत येतात, मिस्त्री बोनेट उघडतो, कान देऊन इंजिन ऐकतो आणि म्हणतो, "अण्णा, यंदा इंजिन उघडावं लागतंय. बोअर-पिस्टन, क्लच प्लेट, हायड्रॉलिकचा पंप… धरा पाऊण लाख." मालक जरा वेळ गप्प राहतो, मग म्हणतो, "गाडी चालतीय ना अजून? मग करून टाक."

या एका वाक्यात फार मोठा हिशेब सोडून दिलेला असतो. यंत्र चालतं का, हा प्रश्नच चुकीचा आहे. पैसे ओतले की कुठलंही यंत्र चालतं, वीस वर्षांनीही चालतं. खरा प्रश्न असा की आणखी एक वर्ष ते चालवायला जेवढे पैसे लागणार आहेत, तेवढ्यात दुसरं यंत्र स्वस्त पडतं का. याचं उत्तर काढायची रीत शंभर वर्षांपासून माहीत आहे. अमेरिकेत जे. एस. टेलर यांनी 1923 मध्ये आणि हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी 1925 मध्ये यंत्राच्या घसाऱ्याचं गणित मांडलं. यंत्र किती वर्षं ठेवलं तर त्यातून होणारं काम सर्वांत स्वस्त पडतं, हा त्या मांडणीच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. आज अभियांत्रिकीच्या आणि वाणिज्याच्या पुस्तकांत ती 'वार्षिक सरासरी खर्चाची पद्धत' म्हणून शिकवली जाते. परीक्षेत चार गुणांचं उदाहरण सोडवून मुलं पुढं जातात आणि वडिलांचा ट्रॅक्टर मात्र अंदाजानंच विकला जातो.

यंत्रावर दोन तऱ्हेचे खर्च होतात आणि ते एकमेकांच्या उलट दिशेनं चालतात. पहिला खर्च किंमत घसरण्याचा. आठ लाखांचा नवा ट्रॅक्टर शोरूमच्या दारातून बाहेर पडला की जुना होतो. वर्षभरानं विकायला गेलात तर लाख-दीड लाख गेलेच. पण ही घसरण पुढंपुढं मंदावते. आठव्या वर्षाचा आणि नवव्या वर्षाचा ट्रॅक्टर यांच्या बाजारभावात फारसा फरक राहत नाही. शिवाय एकूण घसरण जितक्या जास्त वर्षांवर वाटली जाईल तितकी दर वर्षाला कमी येते. म्हणून हा खर्च म्हणतो, ठेव, अजून ठेव. दुसरा खर्च दुरुस्तीचा. तो पहिल्या वर्षी ऑइल-फिल्टरपुरता असतो आणि नंतर चढत जातो. नोजल, क्लच, टायर, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, शेवटी इंजिन. तो म्हणतो, विक, लवकर विक. या दोघांची बेरीज करून वर्षांनी भागलं की येणारी सरासरी आधी खाली उतरते, तळ गाठते आणि पुन्हा चढते. तो तळ ज्या वर्षी येतो, तेवढं त्या यंत्राचं आर्थिक आयुष्य. यंत्राचं शारीरिक आयुष्य याहून बरंच मोठं असतं, पण त्याचा खिशाशी संबंध नाही.

दुरुस्ती किती वेगानं चढते, याचा एक चांगला मोजलेला अंदाज उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांची संस्था शेती यंत्रांसाठी जे मानक आकडे प्रसिद्ध करते, त्यांत दोन चाकांना गती असलेल्या ट्रॅक्टरसाठी एक साधं सूत्र आहे. ट्रॅक्टर आजवर किती हजार तास चालला, त्या आकड्याचा वर्ग करायचा आणि 0.007 ने गुणायचं. आजवरच्या सगळ्या दुरुस्त्यांची बेरीज मूळ किमतीच्या साधारण तेवढ्या भागाइतकी भरते. म्हणजे 2,000 तासांना जवळपास 3 टक्के, 4,000 तासांना 11 टक्के, 8,000 तासांना 45 टक्के आणि 12,000 तासांना अख्ख्या ट्रॅक्टरची किंमत. तास दुप्पट झाले की दुरुस्तीची बेरीज चौपट होते. "पहिली चार वर्षं काही खर्चच नव्हता हो" असं सांगणारा मालक खोटं बोलत नसतो. त्याच्या लक्षात न आलेली गोष्ट एवढीच की तीच चाल पुढच्या चार वर्षांत टिकणार नाही.

आता एक ट्रॅक्टर घेऊन हिशेब करू. आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत. तुमच्या भागातले भाव आणि तुमचं काम यांप्रमाणे ते बदलतील. मालक उसाची वाहतूक आणि भाड्यानं नांगरट करतो, ट्रॅक्टर वर्षाला हजारेक तास चालतो. खरेदी 8,00,000 रुपयांना. वरच्या सूत्रापेक्षा दुरुस्ती थोडी चढी धरली आहे, कारण भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणं हे जड काम आहे. टायरचा खर्चही दुरुस्तीतच आहे.

| वर्ष | त्या वर्षीची दुरुस्ती (रु.) | वर्षअखेर बाजारभाव (रु.) | आजवरचा एकूण खर्च (रु.) | वार्षिक सरासरी (रु.) |
|---|---|---|---|---|
| 1 | 10,000 | 6,60,000 | 1,50,000 | 1,50,000 |
| 2 | 20,000 | 5,70,000 | 2,60,000 | 1,30,000 |
| 3 | 30,000 | 5,00,000 | 3,60,000 | 1,20,000 |
| 4 | 40,000 | 4,40,000 | 4,60,000 | 1,15,000 |
| 5 | 55,000 | 3,90,000 | 5,65,000 | 1,13,000 |
| 6 | 70,000 | 3,50,000 | 6,75,000 | 1,12,500 |
| 7 | 90,000 | 3,15,000 | 8,00,000 | 1,14,286 |
| 8 | 1,15,000 | 2,85,000 | 9,45,000 | 1,18,125 |
| 9 | 1,45,000 | 2,60,000 | 11,15,000 | 1,23,889 |

चौथा रकाना कसा आला ते एका ओळीवर पाहू. सहाव्या वर्षाअखेर ट्रॅक्टर 3,50,000 ला जातो, म्हणजे आठ लाखांतले 4,50,000 गेले. सहा वर्षांच्या दुरुस्त्यांची बेरीज 2,25,000. दोन्ही मिळून 6,75,000. सहानं भागलं की 1,12,500. एवढाच हा हिशेब. सातवीतल्या मुलाला जमेल. याच पद्धतीनं प्रत्येक ओळ भरली की सहाव्या वर्षापर्यंत सरासरी उतरते आणि सातव्यापासून चढते. या ट्रॅक्टरचं आर्थिक आयुष्य सहा वर्षं.

यात डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार कुठं आहे, असं कुणी विचारेल. तो मुद्दाम सोडला आहे. जो खर्च दरवर्षी तेवढाच येतो तो प्रत्येक ओळीच्या सरासरीत सारखाच मिसळतो. सगळे आकडे वर सरकतात, पण तळ त्याच वर्षी राहतो. जुना झाल्यामुळं ट्रॅक्टर जास्त डिझेल खायला लागला असेल, तर तेवढं जास्तीचं डिझेल मात्र दुरुस्तीच्या रकान्यात घालावं लागेल. नियम असा की वयानुसार बदलणारा खर्च धरायचा आणि न बदलणारा सोडायचा.

अख्खा तक्ता न मांडताही उत्तर मिळवायची एक जवळची वाट आहे आणि रोजच्या व्यवहारात तीच जास्त कामाची. पुढचं एक वर्ष ट्रॅक्टर ठेवला तर काय जाईल? त्या वर्षीची दुरुस्ती आणि त्या वर्षात बाजारभाव जेवढा उतरेल ती रक्कम. ही बेरीज आजवरच्या सरासरीपेक्षा कमी असेल तर ठेवा, जास्त असेल तर विका. पाचव्या वर्षाअखेर उभे असाल तर सहाव्या वर्षाचे 70,000 दुरुस्तीचे आणि 40,000 घसरणीचे मिळून 1,10,000 होतात. सरासरी 1,13,000 आहे, म्हणून ठेवा. सहाव्याअखेर मात्र पुढच्या वर्षाचे 90,000 आणि 35,000 मिळून 1,25,000 होतात आणि सरासरी 1,12,500. विका. क्रिकेटच्या सरासरीसारखंच हे. पन्नासची सरासरी असलेला फलंदाज पुढच्या डावात चाळीस करून बाद झाला तर सरासरी उतरते, साठवर बाद झाला तर चढते.

पुस्तकांतल्या बहुतेक उदाहरणांत यंत्राची भंगार किंमत कायम एकच धरलेली असते. मग वरचा नियम आणखी सोपा होतो: पुढच्या वर्षीची दुरुस्ती सरासरीच्या वर गेली की विका. पिठाच्या गिरणीच्या किंवा जुन्या लेथच्या बाबतीत हे चालून जातं, कारण तिथं काही वर्षांनंतर लोखंडाचाच भाव मिळतो. पण ज्याला जुन्याचा बाजार आहे, म्हणजे ट्रॅक्टर, टेम्पो, जेसीबी, त्याच्या हिशेबात पडता भाव न धरणं ही मोठी चूक. फक्त दुरुस्तीच पाहिली तर आपल्या उदाहरणात सातव्या वर्षीचे 90,000 हे 1,12,500 पेक्षा कमीच दिसतात. मालक खुशाल आणखी एक वर्ष ठेवतो आणि त्याच वर्षात बाजारातले 35,000 गमावतो.

तक्त्याकडं पुन्हा पाहिलं की आणखी एक गोष्ट दिसते आणि मला ती तळाच्या वर्षापेक्षा महत्त्वाची वाटते. पाचव्या, सहाव्या आणि सातव्या वर्षाच्या सरासरीत जेमतेम पावणेदोन-दोन हजारांचा फरक आहे. तळ टोकदार नसतो, पसरट असतो. म्हणून नेमकं सहावंच वर्ष गाठायचा अट्टहास करू नये. पाचव्या वर्षी चांगलं गिऱ्हाईक आलं, किंवा सातव्या वर्षी हातात पैसे नसल्यानं खरेदी पुढं ढकलली, तर बिघडलं काही नाही. पण तळापासून लांब गेलं की दोन्ही बाजूंनी मार बसतो. तिसऱ्या वर्षीच हौसेनं ट्रॅक्टर बदलणारा वर्षाला साडेसात हजार जास्त मोजतो आणि नऊ वर्षं ओढणारा अकरा हजारांहून जास्त. आकडे अंदाजाचे असले तरी ही पद्धत कामाची ठरते, ती या पसरट तळामुळंच. दुरुस्तीचा अंदाज थोडा चुकला म्हणून निर्णय फारसा चुकत नाही.

याच तक्त्यातून आणखी एक कोडं सुटतं. स्वतःच्या दहा एकरांपुरता ट्रॅक्टर ठेवणारा शेतकरी तो पंधरा वर्षं वापरतो आणि वाहतुकीचा ठेकेदार सहा-सात वर्षांत विकतो; दोघं एकमेकांना वेड्यात काढतात. पण दोघंही बरोबर असतात. घरच्या शेतीत ट्रॅक्टर वर्षाला तीन-साडेतीनशे तास चालतो. दुरुस्ती कॅलेंडरवर चढत नाही, तासांवर चढते. ठेकेदाराचं एक वर्ष म्हणजे त्याची तीन वर्षं. म्हणून हिशेब करताना डॅशबोर्डवरचं तासमीटर बघायला हवं. ते बंद पडलेलं असेल, आणि जुन्या ट्रॅक्टरवर बहुधा असतंच, तर आधी ते दुरुस्त करावं.

इथवर दुरुस्तीचा खर्च दरवर्षी सावकाश चढतो असं धरलं. प्रत्यक्षात तो पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो आणि सर्वांत मोठी पायरी इंजिनाची. समजा वरच्याच ट्रॅक्टरचं इंजिन पाचव्या वर्षी उघडावं लागलं आणि त्या वर्षीचा खर्च 55,000 ऐवजी 95,000 झाला. इंजिन नवं झाल्यामुळं पुढची वर्षं स्वस्त जातात: सहाव्या वर्षी 40,000, सातव्या 60,000, आठव्या 75,000, नवव्या 95,000. बाजारभाव पूर्वीचेच ठेवू. आता चौथ्या वर्षाची सरासरी 1,15,000. पाचव्या वर्षाचा खर्च 95,000 दुरुस्तीचे आणि 50,000 घसरणीचे, मिळून 1,45,000. जवळच्या वाटेचा नियम लावला तर तो सरासरीच्या वर आहे, म्हणजे चौथ्या वर्षाअखेर विकायला हवं. पण पूर्ण तक्ता मांडला तर पाचव्या वर्षी सरासरी 1,21,000 वर चढते, सहाव्या वर्षी पुन्हा 1,14,167 वर येते आणि आठव्या वर्षी 1,10,625 पर्यंत उतरते. नवव्या वर्षी ती थोडी चढून 1,11,667 होते. खरा तळ आठव्या वर्षी आहे. चौथ्या वर्षीचा तळ फसवा होता.

यातून दोन गोष्टी निघतात. मोठी दुरुस्ती समोर असेल तेव्हा फक्त पुढच्या वर्षाकडं बघून चालत नाही, त्या दुरुस्तीनंतरची तीन-चार वर्षंही मांडावी लागतात. आणि सर्वांत महाग पडतं ते मोठं काम करून लगेच गाडी विकणं. पाचव्या वर्षी इंजिन बांधून त्याच वर्षाअखेर विकणाऱ्याची सरासरी 1,21,000 पडते. पहिल्या दोन वर्षांत विकणारे सोडले तर या तक्त्यातला हा सर्वांत वाईट मुक्काम. गिऱ्हाईक नव्या इंजिनाचे थोडे जास्त पैसे देतं, हे खरं. पण ते घातलेल्या खर्चाएवढे कधी देत नाही, कारण त्याला इंजिन उघडलेलं असण्याचीच धास्ती वाटते. म्हणून निर्णय इंजिन उघडण्याआधी घ्यायचा. एकतर आहे तसा विका, नाहीतर काम करा आणि मग चार हंगाम त्याच्याकडून वसूल करा.

वरच्या हिशेबात दोन गोष्टी सोडल्या आहेत आणि त्या दोन्ही खऱ्या पैशाच्या आहेत. एक व्याज. ट्रॅक्टरमध्ये जे पैसे अडकलेले असतात ते बँकेचे असोत की घरचे, त्यांवर व्याज सुटतंच. प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला ट्रॅक्टरची जी बाजारातली किंमत असेल तिच्यावर 10 टक्के व्याज धरून वरचाच तक्ता पुन्हा मांडला तर पहिल्या वर्षात 80,000 वाढतात, दुसऱ्यात 66,000, आणि पुढं उतरत जातात. नव्या ट्रॅक्टरला व्याजाचा भार जास्त, जुन्याला कमी. साहजिकच तळ पुढं सरकतो: सहाव्या वर्षाची सरासरी 1,68,500 आणि सातव्याची सुमारे 1,67,300. आर्थिक आयुष्य सात वर्षं होतं. जाणकार लोक हाच हिशेब पुढच्या वर्षांतला प्रत्येक रुपया आजच्या किमतीत उतरवून करतात. या ट्रॅक्टरपुरतं पाहिलं तर त्या काटेकोर रीतीनंही सातवंच वर्ष येतं.

दुसरी गोष्ट खोळंब्याची. हंगामात ट्रॅक्टर बंद पडला की गॅरेजचं बिल हा नुकसानीचा एक भाग झाला. तोडलेला ऊस फडात वाळतो, टोळी बसून राहते, दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानं आणावा लागतो आणि खेप बुडते ती बुडतेच. हे नुकसान कुठल्याच बिलात दिसत नाही, म्हणून वहीत येत नाही. समजा पहिली दोन वर्षं ते शून्य, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी पाच-पाच हजार, पाचव्या वर्षी दहा, सहाव्या वर्षी पंधरा आणि सातव्या वर्षी पंचवीस हजार झालं. व्याज बाजूला ठेवून फक्त हे नुकसान दुरुस्तीत मिसळलं तर पाचव्या वर्षाची सरासरी 1,17,000 आणि सहाव्याची सुमारे 1,18,300 येते. तळ एक वर्ष अलीकडं आला. व्याज पुढं ढकलतं, खोळंबा मागं ओढतो. दोन्ही एकत्र धरले तर आपल्या उदाहरणात उत्तर पुन्हा सहाव्या वर्षावर येऊन बसतं. हा योगायोग आहे, नियम नाही. ज्याचा ट्रॅक्टर बंद पडला तरी चार दिवस थांबता येतं, त्यानं खोळंबा जवळजवळ शून्य धरावा. ज्याच्याकडं एकच ट्रॅक्टर आहे आणि कारखान्याशी वाहतुकीचा करार आहे, त्यानं तो मोकळ्या हातानं धरावा.

वर्षअखेरच्या बाजारभावाचा रकाना भरताना लोक हमखास एक घोटाळा करतात. ताळेबंदात दिसणारी शिल्लक किंमत तिथं लिहितात. आयकरात सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर घटत्या शिल्लकीच्या 15 टक्के घसारा धरतात. त्या दरानं आठ लाखांचं यंत्र सहा वर्षांनी कागदावर सुमारे 3,01,700 चं उरतं. आपल्या ट्रॅक्टरला बाजारात तेव्हा साडेतीन लाख मिळताहेत. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्वसाधारण यंत्रांचं आयुष्य 15 वर्षं दिलं आहे, ते आणखी तिसरंच. हे आकडे कर भरायला आणि हिशेब छापायला ठीक. विकायचं की ठेवायचं हे ठरवताना आज गिऱ्हाईक किती देतं, एवढाच आकडा उपयोगाचा. तो घरबसल्या कळत नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या बाजारात जाऊन तेवढ्याच तासांच्या, त्याच मॉडेलच्या दोन-तीन गाड्यांचे भाव विचारावे लागतात. विकणाऱ्यानं सांगितलेला भाव लिहू नये, सौदा तुटलेला भाव लिहावा.

ही पद्धत एक गोष्ट गृहीत धरते: काम चालू राहणार आहे आणि जुना गेला की त्याच्या जागी तसलाच नवा येणार आहे. म्हणून तर सरासरी वर्षावर काढायची, नाहीतर एकूण खर्चच पाहिला असता. एखाद्याला दोन हंगामांनंतर वाहतूक बंदच करायची असेल तर सरासरीचा तळ त्याच्या उपयोगाचा नाही; त्यानं फक्त उरलेल्या दोन वर्षांचा हिशेब मांडावा. तसंच नवा ट्रॅक्टर जुन्यापेक्षा कमी डिझेल खाणारा किंवा जास्त ताकदीचा असेल तर जुन्याची जुन्याशी तुलना करून भागत नाही. अमेरिकेतल्या जॉर्ज टेरबर्ग यांनी 1949 मध्ये कारखानदारांसाठी लिहिलेल्या पुस्तकात हाच धागा पुढं नेला. त्यांनी जुन्या यंत्राला आपली जागा राखणारा आणि नव्याला त्याला आव्हान देणारा ठरवलं. सामना कसा लावायचा तेही सांगितलं: आव्हान देणाऱ्याची सर्वांत कमी सरासरी एका बाजूला आणि जुन्याचा यापुढचा खर्च दुसऱ्या बाजूला. जुन्यावर आजवर काय ओतलं ते या सामन्यात कुठंच येत नाही. मागच्या वर्षी सत्तर हजारांचे टायर घातले म्हणून यंदा गाडी ठेवायची, हे कारण होऊ शकत नाही. ते टायर बाजारभावात जेवढे दिसतील तेवढेच मोजायचे.

आपल्याच तक्त्यातला आठ वर्षं पूर्ण झालेला ट्रॅक्टर अशा तुलनेला उभा करू. त्याची मूळ किंमत विसरा, आजवरची सरासरीही विसरा. आज तो 2,85,000 ला जातो. आणखी वर्षभर ठेवला तर 1,45,000 दुरुस्तीला जातील आणि भाव 25,000 नं उतरेल, म्हणजे 1,70,000. तसाच नवा ट्रॅक्टर घेऊन सहा वर्षं वापरला तर वर्षाला 1,12,500. व्याज दोन्हीकडं धरलं तरी जुना 1,98,500 आणि नवा, सात वर्षं वापरला तर, सुमारे 1,67,300. खोळंब्याचा एक रुपयाही यात अजून मोजलेला नाही. मालकाच्या मते हा ट्रॅक्टर अजून चांगला चालतो. चालत असेलही, पण तो ठेवण्यासाठी तो वर्षाला तीस ते सत्तावन्न हजार रुपये जास्त मोजतो आहे, आणि पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत तो विकायला हवा.